जिन्यातली नोटीस

रविवार, रात्री पावणेअकरा

आज सकाळी जिन्याच्या पहिल्या वळणावर नोटीस चिकटवली. वायफायचा पासवर्ड बदलला, आणि तो कुणाला द्यायचा, कुणाला नाही, हेही लिहिलं. दहा ओळींचा मजकूर आहे, पण तो लिहायला मला चार दिवस लागले. का लागले ते इथे नोंदवून ठेवते.

राजारामपुरीतलं हे घर आमचं. खाली आम्ही दोघं. मधल्या मजल्यावर एका खोलीत दोन नर्स मुली आणि शेजारच्या खोलीत बँकेतला मुलगा. वर एक जोडपं आणि त्यांचं पहिलीतलं लेकरू. नेट एकच, माझ्या नावावरचं. बिल मी भरते आणि भाड्यात धरते. तीन वर्षं काही तक्रार नव्हती. यंदा जूनपासून रात्री आठ वाजले की वरच्या सूनबाईंचा ऑनलाइन वर्ग तुटायला लागला. चेहरा थिजायचा, आवाज तेवढा पुढे जायचा. त्या बिचाऱ्या माफक बोलतात. तिसऱ्यांदा सांगायला आल्या तेव्हा मीच ओशाळले.

टेलिफोन खात्यात माझी बत्तीस वर्षं गेली. लाइन खराब म्हणून तक्रार आली की आधी मोजणी करायची, बोलायचं नंतर, ही सवय अजून आहे. बुधवारी रात्री राऊटरचं पान उघडलं (`192.168.1.1`) आणि जोडलेल्या यंत्रांची यादी काढली. 29 नावं. धस्स झालं.

पण यादी वाचावी लागते. राऊटर दिलेला पत्ता बराच वेळ जपून ठेवतो, म्हणून सकाळी येऊन गेलेला पाहुणाही संध्याकाळी त्यात दिसतो. शिवाय आमच्या नेटची दोन नावं आहेत, एक साधं आणि एक शेवटी 5G लावलेलं. हल्लीचे फोन प्रत्येक नावासाठी स्वतःचा वेगळा ओळखक्रमांक दाखवतात, त्यामुळे दोन्हीवर येऊन गेलेला एकच फोन दोनदा मोजला जातो. हे सगळं वजा करून त्या क्षणी खरोखर चालू असलेली यंत्रं उरली 21. घरातली मी कागदावर मांडली. सात फोन, चार लॅपटॉप, दोन टीव्ही, लेकराचा टॅब आणि फाटकावरचा कॅमेरा. पंधरा झाली.

साडेदहाला सगळ्यांना सांगून सगळं वायफाय दोन मिनिटं बंद करायला लावलं. टीव्ही आणि कॅमेऱ्याचे प्लग काढले. यादी पुन्हा उघडली तर सहा जण तिथेच होते. सहांपैकी चौघांचा सिग्नल अगदी क्षीण, म्हणजे भिंतीपलीकडून, गल्लीतून कुठून तरी येणारा.

वर्ग का तुटत होता ते इथे कळलं. सहा जण जास्त आहेत एवढंच कारण नव्हतं. लांबच्या फोनशी बोलताना राऊटरला हळू बोलावं लागतं. तेवढाच मजकूर, पण वेळ कितीतरी जास्त, आणि तेवढा वेळ त्याच चॅनेलवरचे बाकीचे थांबून राहतात. आमच्याकडे ट्रंक कॉलच्या दिवसांत एखादा ग्राहक आवाज नीट पोचत नाही म्हणून एकेक शब्द चारदा बोलायचा आणि मागे बुकिंगची रांग लागायची. अगदी तसंच.

आता ते सहा जण कोण? गुरुवारी समोरच्या खानावळीत डबा सांगायला गेले. जेवायला बसलेल्या पोरांपैकी एकाच्या फोनवर आमच्या नेटचं नाव दिसलं. मी विचारलं, तर तो लगेच उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे." मे महिन्यात खोली सोडून गेलेला मुलगा तिथेच जेवायचा. जाताना त्यानं क्यूआर कोडचा फोटो खानावळीच्या व्हॉट्सॲप गटात टाकला होता. मनात वाईट काही नव्हतं, दोस्तांची सोय केली. पोरानं तो फोटो मला दाखवला. सात महिन्यांपूर्वीच्या एका संध्याकाळचा, माझ्याच स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलेल्या फोनचा. कडेला माझा मसाल्याचा डबा दिसत होता.

खूप जणांना वाटतं की क्यूआर कोड म्हणजे काहीतरी बंद पेटी, पासवर्ड आत सुरक्षित. मलाही परवापर्यंत तसंच वाटायचं. घरी येऊन तो फोटो साध्या स्कॅनरनं वाचला, तर पडद्यावर ही ओळ आली (आकडे इथे झाकते आहे):

```
WIFI:T:WPA;S:GharNet;P:98XXXXXXXX;;
```

`P:` च्या पुढे पासवर्ड, उघडा. काहीही लपवलेलं नाही. कोडचा फोटो म्हणजे पासवर्डच, फक्त ठिपक्यांच्या लिपीत लिहिलेला. आणि आमचा जुना पासवर्ड काय होता? यांचा मोबाइल नंबर. तोच नंबर फाटकावरच्या 'खोली भाड्याने देणे आहे' या पाटीवर रंगवलेला. दहा आकडी, पहिला आकडा सहा ते नऊ यांतलाच. ज्याला नेटवर्कची सुरुवातीची देवाणघेवाण टिपता येते, त्याला चांगल्या संगणकावर असा नंबर शोधून काढणं काही तासांचं काम आहे. या पाटीपुढे तर तेवढीही गरज नव्हती.

शुक्रवारी रात्री नीट झोप लागली नाही. पूर्वी कुणी खांबावरून वायर ओढून दुसऱ्याच्या लाइनला पॅरलल फोन लावायचा. बोलणारा निराळा असायचा, बिल मात्र नंबर ज्याच्या नावावर त्याला. लोक काउंटरवर येऊन रडायचे आणि आम्हाला सांगावं लागायचं की आमच्या वहीत तुमचंच नाव आहे. नेटचंही तेच आहे. बाहेरच्या जगाला आमच्या घरातून एकच पत्ता दिसतो, आणि त्या पत्त्यापुढे नाव माझं. 2008 मध्ये, 26 जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना जो ईमेल गेला, त्याचा माग पोलिसांनी काढला तो नवी मुंबईतल्या एका फ्लॅटच्या वायफायपर्यंत. तिथे राहणारा अमेरिकी माणूस, त्याचा त्या मेलशी संबंध नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं, एवढंच. चौकशीचा ससेमिरा मात्र त्याच्या मागे लागला. खानावळीतली पोरं असलं काही करणार नाहीत हे मला ठाऊक आहे. पण तो फोटो त्या गटातून पुढे कुठे गेला, हे त्यांनाही ठाऊक नाही.

म्हणून नियम. आणि इथेच माझी गाडी अडली. पहिला मसुदा लिहिला तो असा: "पासवर्ड बाहेरच्या कोणत्याही व्यक्तीस देऊ नये." वाचून मलाच लाज वाटली. नर्स मुलींपैकी एकीची आई येत्या आठवड्यात गडहिंग्लजहून येते आहे. ती इथून गावातल्या नातवाला रोज रात्री व्हिडिओवर पाहणार. तिला काय सांगणार, मालकीणबाई नको म्हणतात? घरी आलेल्याला पाणी द्यायचं आणि नेट नाही म्हणायचं, हे जमणार नाही. आणि जो नियम पाळायला माणसाला वाईट वाटतं, तो कुणी पाळत नाही.

शिवाय या पासवर्डची गोम अशी की तो एकट्याकडून परत घेता येत नाही. खोलीची किल्ली परत घेता येते. हा ज्याला कळला त्याला कळला. काढून घ्यायचा तर सगळ्यांचाच बदलायचा. आणि नवा दिला तरी प्रत्येकाच्या फोनमध्ये 'शेअर' आहेच. ते बंद करणं माझ्या हातात नाही. दरेकाला वेगळा पासवर्ड देणारी व्यवस्था मोठ्या कचेऱ्यांत असते, आमच्या साध्या राऊटरवर नाही.

वाट शेवटी राऊटरमध्येच मिळाली. पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क. नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, तिथून घरातला टीव्ही किंवा कॅमेरा दिसत नाही, आणि त्याचा वेग मी ठरवू शकते. तो पासवर्ड बदलला तरी कुणाच्या टीव्हीला हात लावावा लागत नाही.

अंतिम मजकूर असा झाला:

"घरातील वायफायचा पासवर्ड आज रात्री नऊ वाजता बदलत आहे. नवा पासवर्ड प्रत्येक बिऱ्हाडाला मी स्वतः चिठ्ठीवर आणून देईन. तो खोलीत राहणाऱ्यांपुरता आहे. क्यूआर कोडचा फोटो अथवा स्क्रीनशॉट कोणीही काढू नये, पाठवू नये, कारण त्यातून पासवर्ड सरळ वाचता येतो. आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांसाठी 'पाहुणे' नावाचे वेगळे नेटवर्क आहे. त्याचा पासवर्ड पाहुण्यांना मोकळेपणी द्यावा. तो दर महिन्याच्या एक तारखेला बदलेल. खोली सोडताना मला सांगावे, म्हणजे मुख्य पासवर्ड त्याच दिवशी बदलता येईल. चुकून कोणाला दिला गेला असल्यास सांगावे. रागावणार नाही, बदलून टाकू."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं मला. भीतीनं लपवलं की सहाचे सोळा होतात.

पहिल्या प्रतीत मी नोटिशीतच नवा पासवर्ड लिहून बसले होते. बँकेतल्या मुलानं जिना उतरताना वाचला आणि म्हणाला, "काकू, इथून दूधवाला, पार्सलवाला सगळे जातात." लगेच काढली. पासवर्डही दुसरा केला. चार साधे मराठी शब्द, रोमनमध्ये, मध्ये आडव्या रेघा. शब्द निवडताना एक बघितलं, ज्याचं स्पेलिंग दोघं दोन तऱ्हांनी करतील तो नको. वांगी नको, vangi की wangi. झाडू नको, zadu की jhadu. असले घेतले असते तर रात्रभर दार वाजत राहिलं असतं.

नऊ वाजता आधी राऊटरच्या पानाचा स्वतःचा पासवर्ड बदलला. तो आल्यापासून `admin` होता. आणि तो तसाच ठेवला तर नेटवर असलेला कुणीही ते पान उघडून नवा पासवर्ड वाचू शकतो. मग दोन्ही नावांचे पासवर्ड बदलले. सेव्ह केलं की माझाच फोन तुटला. वर पळापळ ऐकू आली. नेटचं नाव जुनंच ठेवल्यानं फोन जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा चालवून बघत होते. ते नाव फोनमधून 'विसर' करून परत जोडल्यावर सुरळीत झालं. वरचा टीव्ही वीस मिनिटं रुसला, रिमोटनं एकेक अक्षर टाकताना लेकरू बाबांना अक्षरं वाचून दाखवत होतं.

साडेदहाला यादी बघितली. पंधरा.

'पाहुणे'ची एक चिठ्ठी नर्स मुलीच्या आईसाठी लिहून ठेवली आहे, मोठ्या अक्षरांत, कारण त्यांचा चष्मा गावीच राहतो म्हणे. दुसरी खानावळीच्या वहिनींसाठी. त्यांची मुलगी बारावीला आहे. महिनाभर त्यांना पुरेल, एक तारखेला नवी देईन.