निपाणीचं हॉल तिकीट, बेळगावचं केंद्र

११ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री आमच्या आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याच रात्री अ‍ॅम्ब्युलन्सने त्यांना निपाणीहून बेळगावला हलवलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण डावी बाजू पूर्ण गेली होती. डॉक्टर म्हणाले, निदान अडीच-तीन महिने रोज फिजिओथेरपी लागेल, घरी नेऊ नका. आठवड्याभरात आम्ही वडगावात एक खोली भाड्याने घेतली, निपाणीच्या घराला कुलूप लावलं आणि आई, मी, धाकटा भाऊ असे तिघं बेळगावात आलो.

भाऊ दहावीला होता, निपाणीतल्या मराठी माध्यमाच्या शाळेत. एसएसएलसीची, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीची, परीक्षा-१ २१ मार्चपासून होती. निपाणीत त्याला ठेवावं असं घर नव्हतं. आत्या कागलला, मामा कोकणात. रोज बेळगाव-निपाणी करायचं म्हटलं तर एका बाजूला पंचाहत्तर किलोमीटर, तवंदी घाट, आणि पेपर सकाळी दहाचा. सहा पेपरांसाठी त्या पोराला पहाटे पाचला एसटी स्टँडवर उभं करणं मला पटेना. म्हणून परीक्षा केंद्र बदलून घ्यायचं ठरवलं. त्यात काय काय झालं ते लिहिते, कारण आमच्या भागात मराठी माध्यमाच्या मुलासाठी यात एक जास्तीची अडचण असते आणि ती मला आधी कुणी सांगितली नव्हती.

सुरुवातीलाच एका नात्यातल्या माणसाने सुचवलं, "शाळेतून दाखला काढा आणि बेळगावच्या शाळेत घाला." मी तेवढ्यासाठीच २० तारखेला निपाणीला गेले. मुख्याध्यापक सरांनी मला समोर बसवून सांगितलं की दाखला अजिबात काढायचा नाही. दहावीची नोंदणी त्याच शाळेने बोर्डाकडे केलेली असते. प्रत्येक विषयाचे अंतर्गत गुणही तीच शाळा भरते. पहिल्या भाषेचे १२५ पैकी २५ आणि बाकी पाच विषयांचे १०० पैकी २०. दाखला घेतला की मूल त्या नोंदणीतून सुटतं आणि फेब्रुवारीत दुसरी शाळा त्याला नव्याने नोंदवू शकत नाही. "शाळा हीच राहील, नंबर हाच राहील, फक्त बसायची जागा बदलायची," सर म्हणाले. मागायचं आहे ते केंद्र बदल, शाळा बदल नाही, हे मला तेव्हा नीट कळलं.

अर्ज कन्नडमध्ये लिहायचा होता. मी मराठी माध्यमातली, बोलण्यापुरतं कन्नड येतं, पण अर्जाची भाषा वेगळी. शाळेतल्या कन्नडच्या बाईंनी लिहून दिला. विषयाच्या ओळीत त्यांनी लिहिलं, "परीक्षा केंद्र बदलावणे". मी म्हटलं, "बाई, हे तर मराठीच झालं." त्या म्हणाल्या, "दोन्हीकडे चालतं." अर्जाला आप्पांचा हॉस्पिटलात दाखल झाल्याचा कागद, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, वडगावच्या खोलीचा भाडेकरार, भावाचं आधार आणि नोंदणी क्रमांक जोडला. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर मी दोन गोष्टी मुद्दाम लिहून घेतल्या होत्या: पेशंटला सतत घरच्या माणसाची गरज आहे, आणि उपचार मे महिन्यापर्यंत बेळगावातच चालणार आहेत. नुसतं "अमुक आजार" लिहिलेलं सर्टिफिकेट दिलं असतं तर मुलाला निपाणीत का राहता येत नाही हे त्यातून कळलंच नसतं.

आता मार्ग. बेळगाव जिल्हा एकच असला तरी शिक्षण खात्याच्या हिशेबात तो दोन आहे. निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक, हुक्केरी हा भाग चिकोडी शैक्षणिक जिल्ह्यात येतो. बेळगाव शहर, खानापूर, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग हा बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात. दोन्हीकडे वेगळे डीडीपीआय, म्हणजे शिक्षण उपसंचालक, आणि वेगळा परीक्षा कक्ष. त्यामुळे आमचा अर्ज शाळेतून तालुक्याच्या बीईओ ऑफिसला, तिथून चिकोडीच्या डीडीपीआय ऑफिसला, तिथून बेंगळुरूच्या परीक्षा मंडळाकडे आणि परवानगी आल्यावर केंद्र ठरवायला बेळगावच्या डीडीपीआय ऑफिसला, असा जाणार होता. तोच मुलगा निपाणीहून चिकोडीला राहायला गेला असता तर हे सगळं एका ऑफिसात मिटलं असतं. मी प्रत्येक टप्प्यावर "शिफारसु" असा शिक्का आणि जावक क्रमांक बघितल्याशिवाय हलले नाही. त्या जावक क्रमांकामुळेच पुढच्या ऑफिसात कागद सापडत होता. बसचं तिकीट तरी लागत नव्हतं, बायकांसाठीच्या शक्ती योजनेचं शून्य तिकीट असायचं. नाहीतर निपाणी, चिकोडी, बेळगाव असे फेरे त्या महिन्यात आम्हाला परवडले नसते.

५ मार्चला बेळगावात परवानगीचं पत्र हातात आलं. केंद्र हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटांवर. आई देवापुढे साखर ठेवून आली. दुसऱ्या दिवशी मी भावाला घेऊन केंद्र बघायला गेले, आणि तिथे मुख्य अधीक्षक असलेल्या सरांनी पत्र वाचून पहिला प्रश्न विचारला, "मीडियम कुठलं?"

मी म्हटलं, मराठी.

ते गप्प झाले. मग टेबलावरची एक यादी माझ्याकडे वळवली. त्यांच्या केंद्रावर जवळपास तीनशे मुलं, सगळी कन्नड आणि इंग्रजी माध्यमाची. मराठी माध्यमाचं एकही नाही. त्यांनी शांतपणे समजावलं: प्रश्नपत्रिका केंद्रावर छापल्या जात नाहीत. त्या विषयवार आणि माध्यमवार मोजून सीलबंद पाकिटांत येतात, तालुक्याच्या ट्रेझरीत राहतात, आणि पेपरच्या सकाळी मार्गाधिकारी आपापल्या रूटवरच्या केंद्रांना त्या पोचवतात. केंद्रावर ज्या माध्यमाची मुलं, त्याच माध्यमाची पाकिटं. इंग्रजीचा पेपर भावाला मिळाला असता, कारण ती पाकिटं तिथे येणारच होती. पण मराठी पहिली भाषा, आणि मराठीतून गणित, विज्ञान, समाज विज्ञान, या चार पेपरांना त्याच्यासमोर ठेवायला कागदच नसता. "एका मुलासाठी पाकीट फोडून एक प्रत इकडे पाठवता येत नाही," ते म्हणाले.

घरी येऊन मी अर्जाची झेरॉक्स काढून बघितली. चूक माझीच होती. नाव, नंबर, शाळा, कारण, पत्ता, सगळं होतं. माध्यम कुठेच लिहिलेलं नव्हतं. निपाणीच्या शाळेत सगळेच मराठी माध्यमाचे, त्यामुळे ते वेगळं लिहायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अर्ज पुढे जाईल तसा तो ज्यांच्या हातात पडला त्यांना "निपाणीचा विद्यार्थी" एवढंच दिसलं. परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते. भाऊ त्या रात्री जेवला नाही. विचारलं तर म्हणाला, "दीदी, मी मे महिन्यात परीक्षा-२ ला बसतो." ती वाट होतीच, पण तिने पीयूसीचा, म्हणजे अकरावीचा, प्रवेश मागे पडला असता आणि वर्षभराचा अभ्यास आणखी दोन महिने डोक्यावर राहिला असता. मला ते नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिकोडी गाठायच्या ऐवजी मी आधी बेळगावच्या परीक्षा कक्षात गेले, आणि तो निर्णय बरोबर ठरला. तिथल्या मॅडमना मी "हे केंद्र रद्द करा" असं म्हटलंच नाही. मी विचारलं, "बेळगाव शहरात मराठी माध्यमाची मुलं असलेली केंद्रं कुठली?" त्यांनी माध्यमवार यादी उघडली. शहापूर, वडगाव, टिळकवाडी भागात अशी केंद्रं होती. त्यातलं शहापूरचं एक आमच्या खोलीपासून वीस मिनिटांवर. मॅडमनी भावाचं हॉल तिकीट मागितलं आणि पेनाचं टोक एकेका विषयाच्या कोडवर ठेवत गेल्या. गणिताचा कोड ८१ आणि त्याच्या पुढे माध्यमाचं अक्षर. "अक्का, हे अक्षर बघा. नुसत्या नंबराने काही कळत नाही." मग तीन भाषांचा क्रम बघितला. पहिली मराठी, दुसरी इंग्रजी, तिसरी कन्नड. हाच क्रम असलेली मुलं त्या केंद्रावर आहेत ना, हेही त्यांनी तपासलं, कारण पहिली भाषा कन्नड असलेल्याचा पेपर आणि तिसरी भाषा कन्नड असलेल्याचा पेपर वेगळा असतो.

त्यांच्याच सांगण्यावरून मी नवा अर्ज केला. परवानगी आधीच आलेली होती, त्यामुळे कारण पुन्हा पटवायचं नव्हतं. फक्त दुरुस्ती मागायची होती. एका पानाचा अर्ज. जुन्या पत्राचा क्रमांक आणि तारीख, माध्यम, सहाही विषय कोडसकट, आणि हव्या त्या केंद्राचा कोड. सोबत हॉल तिकिटाची प्रत. मुख्याध्यापक सरांनी शाळेच्या लेटरहेडवर माध्यमाचा दाखला निपाणीहून बसच्या कंडक्टरकडे पाठवला, तो मी सेंट्रल बस स्टँडवर जाऊन घेतला. केंद्रावर मराठीच्या थोड्या जादा प्रती असतात, त्यातली एक आपल्या मुलाला पुरते. म्हणून एकट्या मुलासाठी हे जमतं. चार-पाच मुलांचा गट असता तर ट्रेझरीतल्या पाकिटांचा आकडाच बदलावा लागला असता, आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते झालं असतं असं मला वाटत नाही.

१५ मार्चला सुधारित पत्र आलं. हॉल तिकिटावर निपाणीचंच केंद्र छापलेलं राहिलं. म्हणून दोन्ही कागद एकत्र लॅमिनेट न करता प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले, कारण मुख्य अधीक्षकांना मूळ पत्रावर सही-शिक्का करायचा होता. त्याच दिवशी केंद्रावर जाऊन एक प्रत देऊन आले आणि नॉमिनल रोलच्या, म्हणजे केंद्रावरच्या मुलांच्या यादीच्या, शेवटी भावाचा नंबर हाताने लिहिलेला बघून आले.

२१ तारखेला मराठीचा पेपर. मी फाटकाशी थांबले होते. आजूबाजूच्या गल्लीतून मागांचा खटखटाट येत होता. सव्वा वाजता भाऊ बाहेर आला, हातात प्रश्नपत्रिका उलगडलेली, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी पानाच्या वरच्या ओळीकडे बघितलं. मराठी होती. पण मला खरी धास्ती २४ तारखेची होती, गणिताची. त्या दिवशी त्याने लांबूनच कागद वर धरला.

२ मे रोजी निकाल लागला. शाळेच्या नावापुढे निपाणीच. जूनमध्ये गुणपत्रक आणायला आम्ही तिघं गेलो, आप्पा काठी घेऊन शाळेच्या पायरीपर्यंत चालत आले.