मध्येच रद्द केलेल्या एएमसीचा परतावा: आलेला आकडा मी कसा पडताळला

आमच्या छोट्या कार्यालयाचे हिशेब मी बघते. चार एसींची वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, आम्ही आगाऊ पैसे भरून घेतली होती, 1 जून 2024 ते 31 मे 2025. नोव्हेंबरात कार्यालय दुसऱ्या इमारतीत हलवायचं ठरलं, तिथे एसीची सोय इमारतीचीच होती, म्हणून करार रद्द करावा लागला. करारात लिहिलं होतं की पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन ग्राहकाला करार थांबवता येईल आणि उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात, भरलेल्या मूळ रकमेवर, परतावा मिळेल. बदललेल्या सुट्या भागांची किंमत त्यातून वजा होईल. मी 12 नोव्हेंबरला मेल केला. पुढच्या महिन्यात उत्तर आलं: परताव्याची रक्कम 4,331.25. त्यापलीकडे काही नाही. हा आकडा कुठून आला, याचं एक अक्षर त्यात नव्हतं.

कर सोडून आम्ही भरलेली रक्कम 21,900 होती. वर्षातले सहा महिने संपत आलेले, म्हणजे साधारण निम्मी मुदत शिल्लक. मग परतावाही निम्म्याच्या जवळपास हवा. इथे तो वीस टक्केही भरत नव्हता. कागद-पेन्सिल घेण्याआधी हे एवढं मी नेहमी पाहते: शिल्लक मुदतीचा अंदाजे वाटा आणि परताव्याचा वाटा यांत एवढी मोठी दरी असेल, तर गोळाबेरजेत काहीतरी वेगळं शिरलेलं असतं. दोन-चार दिवसांच्या फरकानं असं होत नाही.

फोन केला तर पलीकडून "सिस्टिमनं काढलेला आकडा आहे, मॅडम" एवढंच उत्तर. तेव्हा आधी आपला आकडा पक्का करायचा आणि मग त्यांचा उलगडायचा, असं ठरवलं.

आपल्या आकड्यासाठी तीनच तारखा लागतात: सुरुवात, शेवट आणि सेवेचा शेवटचा दिवस. सुरुवातीची तारीख करारावरची घ्यायची. बिलाची किंवा पैसे भरल्याची तारीख वेगळी असू शकते. आमचं बिल मे महिन्यातलं होतं. ती धरली असती तर वापरलेले दिवस उगाच वाढले असते. शेवटच्या दिवसाबद्दल मात्र नीट विचार करावा लागतो. सूचना 12 नोव्हेंबरची, तिचे पंधरा दिवस 27 नोव्हेंबरला पुरे होतात. म्हणजे 27 तारखेपर्यंत एसी बिघडला असता तर त्यांना यावंच लागलं असतं, आणि तोवरचे पैसे त्यांचे. सूचनेचे दिवस आपण वापरले नाहीत म्हणून ते वगळणं बरोबर नाही. 28 पासून पुढचे दिवस आमचे.

आता मोजणी. 1 जून ते 31 मे हे दोन्ही दिवस धरून 365 होतात. दोन तारखांची नुसती वजाबाकी केली तर 364 येतात, कारण वजाबाकीत एक टोक सुटतं. म्हणून भागाकारात खाली, एकूण दिवसांत, एक मिळवावा लागतो. वर, उरलेल्या दिवसांत, मात्र मिळवायचा नाही, कारण 27 नोव्हेंबर हा दिवस वापरलेला आहे आणि तो सुटलेलाच हवा. करार 29 फेब्रुवारी ओलांडत असेल तर एकूण दिवस 366 होतात, म्हणून 365 हा आकडा डोळे झाकून लिहू नये, तारखांवरूनच काढावा. स्प्रेडशीटमध्ये मी हे एका ओळीत लिहिलं:

```
=ROUND(21900*(DATE(2025,5,31)-DATE(2024,11,27))/(DATE(2025,5,31)-DATE(2024,6,1)+1),2)
```

उत्तर 11,100. हातानंही ताळा केला: एका दिवसाचे 60 पडतात आणि नोव्हेंबरचे 3, डिसेंबरचे 31, जानेवारीचे 31, फेब्रुवारीचे 28, मार्चचे 31, एप्रिलचे 30 आणि मेचे 31 मिळून 185 दिवस.

मग त्यांच्या 4,331.25 कडे वळले. शेवटचे पंचवीस पैसेच मला उपयोगी पडले. दिवसाचे साठ पडत असतील तर दिवसांवरून काढलेल्या उत्तराला असं शेपूट राहत नाही. म्हणजे त्यांनी दिवस मोजलेच नसावेत, बाराने भागलं असावं. पण 21,900 ला बाराने भागलं तरी 1,825 पूर्ण येतात. तेव्हा मूळचं कोटेशन काढलं. त्यात सवलतीआधीचा दर होता 27,375, आणि त्यावर वीस टक्के सूट देऊन आमचे 21,900 झाले होते. 27,375 भागिले बारा म्हणजे 2,281.25. शेपूट सापडलं.

पुढचं पटापट जुळलं. 2,281.25 ला सातनं गुणलं की 15,968.75 होतात. ते भरलेल्या रकमेतून वजा केले की 5,931.25 उरतात. आणि त्यातून नेमके 1,600 कमी केले की त्यांचा आकडा येतो. जून ते नोव्हेंबर सहाच महिने, मग सात कसे? कारण आमचा मेल त्यांच्याकडे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नोंदवला गेला होता आणि सुरू झालेला महिना त्यांनी पूर्ण वापरलेला धरला. 1,600 कशाचे? त्यांचा माणूस दोनदा सर्व्हिसिंगला येऊन गेला होता, आणि करार नसलेल्या ग्राहकाला ते एका फेरीचे 800 लावतात.

म्हणजे एकाच आकड्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या होत्या, आणि प्रत्येकीची किंमत वेगळी निघाली. उशिरा नोंद आणि पूर्ण महिना धरल्यामुळे 1,975 गेले. वापरलेला काळ सवलतीआधीच्या दरानं मोजल्यामुळे 3,193.75 गेले, सगळ्यात मोठी खोट इथे होती आणि ती सगळ्यात कमी दिसणारी. आणि फेऱ्यांचे 1,600. तिन्ही मिळून 6,768.75, म्हणजे माझ्या आणि त्यांच्या आकड्यातला फरक पैशापैशानं जुळला. असा फरक पूर्ण जुळेपर्यंत मी पत्र लिहीत नाही. "तुमचा आकडा चुकीचा आहे" असं लिहिलं की "आमच्या नियमाप्रमाणे बरोबर आहे" असं उत्तर येतं आणि बोलणं तिथेच थांबतं.

फेऱ्यांच्या वजावटीबद्दल त्यांची बाजूही मी मनापासून तपासून पाहिली. कंपनीचं म्हणणं असं असतं की ग्राहक सुरुवातीलाच मोठी सर्व्हिसिंग करून घेतो आणि मग करार मोडतो. हे अगदी खोटं नाही. पण आमच्या करारात वर्षाला चार फेऱ्या होत्या आणि निम्म्या वर्षात दोन झाल्या होत्या. म्हणजे काळाच्या प्रमाणात पैसे कापले की त्यात त्या फेऱ्यांचे पैसे आलेच. वरून पुन्हा फेरीमागे 800 कापले तर त्याच कामाचे पैसे दोनदा घेतल्यासारखं होतं. एक तर काळ मोजा, नाहीतर काम मोजा. चारपैकी तीन फेऱ्या झाल्या असत्या तर त्यांच्या मुद्द्याला वजन होतं; पण तेव्हाही तशी अट करारात असायला हवी. काही करारांत ती असते. काहींत रद्द करण्याचं ठरावीक शुल्क असतं, काहींत "सुरू झालेला महिना पूर्ण धरला जाईल" असं स्पष्ट छापलेलं असतं, आणि काहींत प्रमाणशीर परतावाच नसतो. पहिल्या तिमाहीत इतके टक्के, दुसरीत इतके, असा तक्ता दिलेला असतो. अशा वेळी दिवसांचा हिशेब मांडून फारसं काही हाती लागत नाही, त्या तक्त्यावरूनच ताळा करावा लागतो.

सुट्या भागांची अट मात्र आमच्या करारात होती. ऑगस्टमध्ये एका एसीच्या पंख्याचा कपॅसिटर बदलला होता. सर्व्हिस स्लिपवर त्याची किंमत 450 लिहिलेली होती. कंपनीनं ती कापलीच नव्हती. मी ती स्वतःहून कापली आणि मागणी 10,650 ची केली. करारातलं एक कलम दाखवून पैसे मागायचे आणि त्याच कलमातली पुढची ओळ गिळायची, हे मला पटत नाही. शिवाय तो कागद त्यांच्याकडेही होता.

पत्र छोटं ठेवलं. करारातलं परताव्याचं कलम जसंच्या तसं, तीन तारखा, माझी आकडेमोड, त्यांच्या आकड्याची फोड, आणि शेवटी एकच प्रश्न: महिना पूर्ण धरणं, सवलतीआधीचा दर लावणं आणि फेऱ्यांचे पैसे कापणं, या तिन्हींपैकी प्रत्येकाला करारातलं कोणतं कलम लागू होतं? सोबत 12 नोव्हेंबरचा मेल, त्यावर लगेच आलेली आपोआप पोचपावती आणि सर्व्हिस स्लिपा जोडल्या. ती पोचपावती नसती तर सूचनेच्या तारखेवर आम्हाला झगडावं लागलं असतं. फोनवर रद्द केलेल्या करारात नेमकं तिथेच घोडं अडतं. त्यांच्या हिशेब विभागातल्या बाईंनी ते शांतपणे वाचलं, तारखेबद्दल एक शंका विचारली आणि 10,650 मान्य केले.

एक्स्टेंडेड वॉरंटीत याच हिशेबाचं थोडं वेगळं रूप दिसतं. माझ्या बहिणीनं वॉशिंग मशीनवर जादा दोन वर्षांची वॉरंटी घेतली होती. ती निर्मात्याची एक वर्षाची वॉरंटी संपल्यावर सुरू होणार होती. खरेदीपासून दीड वर्षानं तिनं ती रद्द केली. विक्रेत्यानं 36 महिन्यांपैकी 18 वापरले असं धरून निम्मे पैसे देऊ केले. पण पहिल्या वर्षी त्या जादा वॉरंटीनं काहीच झाकलेलं नव्हतं. चोवीसपैकी सहाच महिने वापरले होते, म्हणून परतावा तीन चतुर्थांश हवा होता. काही योजनांत मात्र अपघाती नुकसानीचं संरक्षण खरेदीच्या दिवसापासूनच सुरू असतं. तेव्हा 36 धरणं गैर नाही. प्रमाणपत्रावर संरक्षण सुरू होण्याची तारीख छापलेली असते, तीच बघावी.

आमचे पैसे जमा झाल्यावर एक गोष्ट उरली होती. खात्यात नेमके 10,650 आले होते, पण आम्ही मूळ बिलावर करही भरला होता. न दिलेल्या सेवेवरचा करही त्याच दरानं परत यायला हवा, आणि त्यासाठी त्यांनी मूळ बिलाचा क्रमांक टाकून क्रेडिट नोट काढायला हवी. आम्ही त्या बिलावरच्या कराची वजावट घेतलेली असल्यामुळे तेवढी वजावट आम्हाला आमच्या विवरणपत्रात उलटवावी लागणार होती, म्हणून नोट हातात असणं गरजेचंच होतं. पहिली नोट आली ती कर न दाखवता. ती परत पाठवली. दुसऱ्या नोटेत मूळ रक्कम, कर आणि बिल क्रमांक तिन्ही होते, कराची रक्कमही खात्यात आली, आणि मग मी ती फाइल बंद केली.