आमची वाटचाल : फोटोतलं दार आणि खरं दार

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं तोरणांचं आणि रांगोळीच्या साच्यांचं दुकान 2012 पासून आहे. मी आणि माझी वहिनी, दोघींनी सुरू केलं. ती शिवायची, मी हिशेब बघायची आणि दोघी मिळून भांडायचो. मधली सात-आठ वर्षं धंदा सुरळीत चालला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते 2021 बद्दल. त्या पन्नास दिवसांनी आम्हाला कंगाल केलं, आणि दाराचं माप फोटोवरून कसं काढायचं तेही शिकवलं.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी शहरात शिरलं. आमच्या दुकानात छतापर्यंत पाणी होतं. गाळ उपसल्यावर मणी, जरीचा कपडा, रांगोळीची पोती यातलं काहीही विकण्याजोगं राहिलं नव्हतं. सगळ्यात जास्त जीव हळहळला तो मापांच्या वहीसाठी. कोणाच्या चौकटीची रुंदी किती, उंची किती, खिळे कुठे आहेत, हे सगळं वहिनीने नऊ वर्षं त्या वहीत लिहिलं होतं. वही हातात घेतली तर पानांचा लगदा झालेला. गणपती 10 सप्टेंबरला, म्हणजे पुरापासून मोजून पन्नास दिवसांवर. चौसष्ट घरांची आगाऊ रक्कम घेतलेली होती.

वाचलं एकच, माझा फोन. त्यात गिऱ्हाइकांनी पाठवलेले दारांचे फोटो होते. आम्ही पहिल्यापासून सांगायचो, की हातात फुटपट्टी धरून दारासमोर उभं राहा आणि फोटो काढा. त्यामुळे प्रत्येक फोटोत फुटपट्टी होती. वाटलं, वही गेली तरी मापं आहेतच.

तेव्हा फोन करून माप विचारायची सोय नव्हती असं नाही. विचारलं तर काय उत्तर यायचं? "तीन फूट आहे गो." बहुतेक जण टेप लावतात ती आतल्या उघड्या जागेला, जिथून माणूस ये-जा करतो. तोरण बसतं ते चौकटीच्या बाहेरच्या कडांवर. जुन्या लाकडी चौकटीचे उभे भाग चार-पाच इंच जाड असतात, तेव्हा आतली आणि बाहेरची रुंदी यात नऊ-दहा इंचांचा फरक सहज पडतो. म्हणून फोनवरच्या आकड्यापेक्षा फोटोवर माझा जास्त भरवसा होता. तो भरवसा दापोलीकडच्या एका मावशींनी मोडला.

त्या मावशी आमच्या पहिल्या वर्षापासूनच्या. घर जांभ्याच्या चिऱ्याचं, पुढे पडवी, दाराला जुनी ऐनाची चौकट. त्यांच्या फोटोत नातू पडवीत उभा राहून हातात फुटपट्टी धरून हसतोय. मी फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून मोजला. फुटपट्टी पडद्यावरचे चारशे ठिपके भरत होती, चौकटीची बाहेरची रुंदी बाराशे. तिप्पट. म्हणजे तीन फूट, छत्तीस इंच. वहिनीने रात्री बसून तोरण शिवलं, पार्सल गेलं.

दोन दिवसांनी फोन. "अगो बाय, दार माझं चार फुटांचं, तू तोरण तीन फुटांचं पाठवलंस. आता गणपतीला काय सांगू, की चिपळूणवाल्यांनी हात आखडता घेतला?"

मी म्हटलं मावशी चुकल्या. मग मुलाला पाठवून टेप लावून घेतला. बाहेरची रुंदी अठ्ठेचाळीस इंच, आतली एकोणचाळीस. फोटो पुन्हा पुन्हा बघून लक्षात आलं. नातू दाराला टेकून नव्हता, दारापुढे सुमारे दोन फुटांवर उभा होता. फोटो काढणारी सून दारापासून आठ फुटांवर. म्हणजे फुटपट्टी कॅमेऱ्यापासून सहा फुटांवर आणि दार आठ फुटांवर. जवळची वस्तू मोठी दिसते, हे कोणीही सांगेल, पण ती नेमकी आठ भागिले सहा, म्हणजे सव्वा पटीहून जास्त मोठी दिसते. दाराला टेकवली असती तर चारशेच्या जागी तीनशे ठिपके भरली असती. बाराशेला तीनशेने भागा, चार फूट येतात. मावशी बरोबर होत्या.

तोरण फेकलं नाही. वहिनीने दोन्ही टोकांना सहा-सहा इंचांचे हिरव्या आंब्याच्या पानांचे तुकडे जोडून दिले, आणि ते मूळच्यापेक्षा देखणं दिसलं. मावशींनी आगाऊ रक्कम परत घेतली नाही, उलट शेजारच्या दोन घरांची मागणी मिळवून दिली. त्या वर्षी आम्हाला माणसांची इतकी गरज होती, की त्या दोन मागण्यांवर आम्ही रडलो.

आता एक नाराजी सांगून टाकते. आम्ही गाळ उपसत होतो तेव्हा बाजारातल्या एका दुकानाने "ते आता बंद झाले" असं गिऱ्हाइकांना सांगितलं आणि आमच्याच तोरणांचे फोटो दाखवून माल विकला. एकच आकार, बेचाळीस इंच, सगळ्या दारांना. आमच्या फोटोत कोपऱ्यात वहिनीचा हात आणि तिची हिरवी बांगडी दिसते, तीही त्यांनी कापली नव्हती. लोक मला म्हणतात, सोडून दे. मी सोडलं नाही, एवढंच.

आजही बेचाळीस इंचांचं तोरण घरोघर लटकलेलं दिसतं. छत्तीस इंचांच्या फ्लॅटच्या दाराला ते दोन्हीकडे लोंबतं, अठ्ठेचाळीसच्या वाड्याच्या दाराला अपुरं पडतं. असो.

तेव्हापासून फोटो कसा काढायचा ते आम्ही वेगळं सांगतो. फुटपट्टी हातात नाही, चौकटीला चिकटपट्टीने लावायची, वरच्या आडव्या पट्टीवर, कारण तोरण तिथेच बसणार. कॅमेरा दाराच्या मधोमध, साधारण छातीच्या उंचीला, आणि सरळ. फोन वर तिरका केला की चौकट वर अरुंद आणि खाली रुंद दिसते, मग वरच्या पट्टीचं माप खालच्याशी जुळत नाही. अंगण छोटं म्हणून जे रुंद भिंगाने फोटो काढतात त्यांची तर कडेची चौकट वाकडीच येते. अशा वेळी मी मागे सरकायला सांगते, नाहीतर वरची पट्टी तेवढी वेगळी टिपायला.

लांबी जमली तरी तोरण लोंबणार किती, हे कोणी विचारतच नाही. कोकणातल्या जुन्या दारांची उंची कमी असते, साडेपाच-पावणेसहा फूट. तिथे फूटभर लोंबणारं तोरण घातलं तर प्रत्येक येणाऱ्याच्या कपाळाला मणी लागणार. आणि गणपतीला? मूर्ती डोक्यावर घेऊन आत शिरताना मुकुट मधल्या लडीत अडकला, तर पाहुणे बघतच राहतील. म्हणून पावणेसहा फुटांच्या दाराला आम्ही मधल्या लडी तीन-चार इंचांच्याच ठेवतो आणि कडेला सात-आठ इंचांपर्यंत लांब करतो. कमान झाली की मध्ये जागा मिळते. वरच्या पट्टीवर कोरलेला गणपती असेल तर तोरण त्याच्या खालून जाईल असे खिळे लावायला सांगतो. तुम्ही देवाच्या तोंडावर मण्यांचा पडदा टाकू नका, एवढं माझं ऐका.

आता रंग. मावशींच्या दाराभोवती जांभा, तांबूस-तपकिरी. त्यावर नारिंगी झेंडूच्या रंगाचं तोरण दोन हातांवरून दिसतं, पण अंगणातून बघितलं की भिंतीत विरघळून जातं. पांढरी शेवंती आणि गडद हिरवं पान चिऱ्यावर उठून दिसतं. तेच तोरण पांढऱ्या रंगवलेल्या भिंतीवर फिकं पडेल, तिथे झेंडूच हवा. फोटोतला रंग खरा आहे की संध्याकाळच्या पिवळ्या बल्बचा, हे ओळखायला आम्ही फुटपट्टीशेजारी एक कोरा पांढरा कागद लावायला सांगतो. कागद पिवळट दिसला तर फोटो सकाळी पुन्हा मागवतो.

रांगोळीत आमची दुसरी चूक झाली. मावशींनी पडवीच्या फरशीवर घालायला तयार बोर्ड मागितला. फोटोत फरशी दिसत होती, मी ठिपके मोजले. फरशी कॅमेऱ्यापासून दूर जाते तशी ती दाबली जाते, म्हणून जवळची लादी मोठी आणि उंबरठ्याजवळची चपटी दिसते. तिथे पट्टीचा हिशेब चालत नाही. लाद्या मोजाव्या लागतात. एक फुटाच्या लाद्या, आडव्या पाच, खोलीला तीन. एवढ्याशा जागेत तीन फुटांचा गोल मधोमध ठेवला की उंबरठ्यावरून उतरणारा माणूस पहिलं पाऊल रांगोळीवरच टाकणार. आम्ही अडीच फुटांचा गोल एका भिंतीला लावून ठेवला, दुसऱ्या बाजूला अडीच फुटांची वाट मोकळी राहिली, आणि उंबरठ्यासमोर सहा इंचांचा पट्टा तेवढा पांढऱ्या रेघेने काढायला सांगितला. सारवलेल्या जमिनीवर किंवा लाल लादीवर पांढरी रेघच शोभते. गुळगुळीत फिकट लादी असेल तर आधी कापडावर गेरूचा पट्टा ओढा आणि त्यावर पांढरी रांगोळी घाला. गेरू थेट लादीवर लावला तर सांध्यांत बसतो आणि दिवाळी संपली तरी निघत नाही.

गेल्या दिवाळीत मावशींचा फोटो आला. फुटपट्टी चौकटीला, शेजारी पांढरा कागद, सगळं शिस्तीत. नातू आता मोठा झालाय, फोटो त्यानेच काढला होता. बोर्डावर पणत्या बसवलेला नमुना त्याने निवडला होता. पण चौकटीच्या कडेला मला नवीन बिजागऱ्या दिसल्या, बाहेरच्या बाजूला. मी फोन लावला. "मावशी, जाळीचं दार बसवलंत का?"

"बसवलं गो. मांजरं शिरतात."

ते बाहेर उघडतं. भिंतीलगत जिथे गोल ठेवायचा होता, तिकडेच ते दार फिरणार, आणि पणत्या त्याला अडणार. मी गोल दुसऱ्या भिंतीकडे हलवला, पणत्या वगळल्या आणि वहिनीला म्हटलं, नव्या वहीत बिजागऱ्यांचा एक रकाना वाढव.