तुम्ही विचारलंत म्हणून: साडेतीन तासांचा चित्रपट आणि कामाच्या दिवसाची रात्र

“तीन-साडेतीन तासांचा एखादा भव्य चित्रपट कधीचा बघायचा राहिलाय. कामाच्या दिवशी रात्री सुरू करावा, की सुट्टी मिळेपर्यंत थांबावं? तुम्ही काय करता?”

मी आधी त्या चित्रपटाची बांधणी पाहते आणि मगच घड्याळाकडे वळते. ज्या चित्रपटाला त्याच्या कर्त्यानेच मध्ये एक थांबा दिलेला आहे, तो मी कामाच्या दिवशी निःशंकपणे सुरू करते. मात्र त्याच रात्री तो संपवण्याचा विचार मनात आणत नाही. ज्याला असा थांबा नाही आणि ज्याचा शेवटचा तास पहिल्या तासातल्या बारीकसारीक गोष्टींवर उभा आहे, तो सुट्टीसाठी राखून ठेवते. त्यामुळे अनेकदा असे होते की जास्त लांबीचा चित्रपट मंगळवारी सुरू होतो आणि त्याहून आखूड चित्रपट रविवारपर्यंत थांबतो.

घड्याळाचा हिशेब शेवटाकडून मागे करावा. समजा साडेअकराला झोपायचे आहे. चांगला चित्रपट संपल्यावर लगेच झोप लागत नाही, म्हणून पडदा अकराला बंद व्हायला हवा. जेवण आणि आवराआवर होऊन साडेआठला मोकळे झालो, तर हातात अडीच तास राहतात. त्यातले काही पाणी पिण्यात, दार उघडण्यात, फोन घेण्यात जाणारच. म्हणजे निवांतपणे पाहता येईल असा वेळ दोन तासांचा, फार तर सव्वादोन तासांचा. तीन तासांचा चित्रपट यात बसत नाही, हे एकदा मान्य केले की मनातली ओढाताण थांबते आणि खरा प्रश्न समोर येतो: या दोन तासांत मावेल असा त्याचा एखादा सलग, स्वतःत पुरा असलेला भाग आहे का?

अकिरा कुरोसावा यांचा १९५४ सालचा ‘सेव्हन सामुराई’ घ्या. त्याची पूर्ण लांबी २०७ मिनिटे आहे, म्हणजे जवळजवळ साडेतीन तास. (परदेशांसाठी त्याच्या कापून लहान केलेल्या आवृत्त्याही निघाल्या होत्या, तेव्हा सुरू करण्यापूर्वी आपल्यासमोर पूर्ण आवृत्ती आहे ना, एवढे लांबीच्या आकड्यावरून पाहून घ्यावे.) नुसता आकडा पाहिला तर कोणीही हा चित्रपट सुट्टीवर ढकलेल. पण त्यात पावणेदोन तासांच्या सुमारास पडद्यावरच मध्यंतर येते आणि ते अतिशय विचारपूर्वक ठेवलेले आहे. पीक हाती आले की दरोडेखोर पुन्हा येणार हे गावाला कळते, गावकरी सामुराईंच्या शोधात निघतात, एकेक माणूस जमत जातो, सगळे गावात पोहोचतात, गावाचा नकाशा तयार होतो, कोणती वाट अडवायची आणि कोणती घरे सोडून द्यायची हे ठरते. नदीपलीकडच्या त्या घरांवरून गावातच फूट पडू लागते, म्होरक्या काम्बेई ती तिथल्या तिथे मोडून काढतो, आणि मध्यंतर होते. सगळी जमवाजमव अलीकडे आणि सगळी लढाई पलीकडे. मध्यंतराची काही मिनिटे सोडली तर उरलेला भाग दीड तासाहून थोडासाच मोठा आहे.

आता हे वरच्या वेळेत बसवून पाहा. साडेआठला सुरू केले तर मधल्या किरकोळ खंडांसकट साडेदहाच्या आसपास आपण मध्यंतराला पोहोचतो. नऊला बसलो तरी अकराच्या आत पोहोचतो. नऊ उलटून गेल्यावर मात्र मी तो त्या रात्री सुरू करत नाही, कारण मग मध्यंतराच्या पंधरा-वीस मिनिटे अलीकडे थांबायची पाळी येते आणि गावातली ती फूट अर्धवट राहते. दुसऱ्या रात्री उरलेला भाग घाई न करता पुरा होतो. पहिल्या भागात पेरलेली माणसे मधल्या दिवसात आपल्या मनात वावरत राहतात. गाव आता लढाईला तयार आहे आणि लढाई अजून झालेली नाही, नेमक्या याच अवस्थेत आपणही एक दिवस काढलेला असतो. या चित्रपटाला त्याने बाधा तर येत नाहीच, उलट मला तो दोन रात्रींत पाहणे अधिक मानवते.

असा थांबा आहे की नाही, हे कथा न वाचता कळू शकते. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या भव्य चित्रपटांत तो बहुधा सापडतो, कारण त्यांतले कितीतरी चित्रपटगृहात मध्यंतरासह दाखवण्यासाठीच रचलेले होते. डेव्हिड लीन यांच्या १९६२ च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’च्या प्रारंभी काही मिनिटे पडद्यावर चित्र नसते, केवळ संगीत असते, आणि पुढे रीतसर मध्यंतरही आहे. मात्र ते चित्रपटाच्या मध्याच्या बरेच पुढे येते. म्हणूनच एकूण लांबीला दोनने भागून थांबण्याची जागा ठरवू नये. सरकपट्टीवर बोट ठेवून मध्यापासून दोन तृतीयांशापर्यंतचा भाग हळूहळू चाळला, तर छोट्या चित्रांमध्ये मध्यंतराची पाटी दिसते. पहिला भाग सव्वादोन तासांच्या पुढे जातो असे दिसले, तर या चित्रपटाला आठवड्यातली रात्र पुरणार नाही हेही तिथेच कळते.

वेळ जुळला तरी थकव्याचा प्रश्न उरतो, आणि तो भाषेशी बांधलेला आहे. आपल्या भाषेतला चित्रपट पाहताना डोळे क्षणभर मिटले तरी कान कथा धरून ठेवतात. जपानी चित्रपट सबटायटल्सवर पाहताना डोळे मिटले की कथाही सुटते, आणि ती सुटल्याचे आपल्याला लगेच कळत नाही. मी एक साधी परीक्षा ठेवली आहे. पहिल्या अर्ध्या तासानंतर क्षणभर थांबते आणि समोरच्या प्रसंगात कोणाला कोणाकडून काय हवे आहे, हे मनातल्या मनात सांगून पाहते. नावे आठवली नाहीत तरी चालते. हा म्हातारा कोण आणि तो का रागावला आहे, एवढे सांगता यायला हवे. ते जमले नाही तर मी पुढे जात नाही. भव्य चित्रपट आपली माणसे पहिल्या तासात ओळखीची करून देतात आणि नंतर तीच ओळख गृहीत धरून चालतात. तो तास पेंगत पाहिला, तर पुढची लढाई म्हणजे अनोळखी माणसांची धावपळ होऊन बसते.

दुसरी रात्र मिळणार आहे का, हे पहिल्या रात्रीच पाहून ठेवावे, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची अट आहे. मंगळवार मोकळा आहे पण बुधवारी घरी यायला उशीर होणार आणि गुरुवारी कोणी येणार, अशी स्थिती असेल तर मंगळवारीही सुरू करू नये. लागून आलेल्या दोन रात्री हव्यात. एका दिवसाच्या अंतरात चेहरे, जागा आणि कोण कोणाच्या बाजूचा हे टिकून राहते. चार-पाच दिवस गेले की कथानक आठवते, पण माणसांविषयी वाटू लागलेले आतले काहीतरी विरून गेलेले असते, आणि ते पाच-दहा मिनिटे मागे जाऊन परत येत नाही.

दुसऱ्या प्रकारचे उदाहरण म्हणून ख्रिस्तोफर नोलन यांचा २०२३ चा ‘ओपेनहायमर’ सांगते. त्याची लांबी १८० मिनिटे आहे, म्हणजे ‘सेव्हन सामुराई’पेक्षा जवळजवळ अर्धा तास कमी, तरीही मी तो कामाच्या दिवशी सुरू करू नका असेच सांगेन. त्यात मध्यंतर नाही. सुमारे दोन तासांनी अणुचाचणीचा प्रसंग येतो, आणि तो संपल्यावर इथे थांबायला हरकत नाही असे हमखास वाटते. घड्याळही नेमके तेव्हाच अकरा दाखवत असते. पण ही जागा फसवी आहे. उरलेल्या तासात चौकशीच्या खोलीतली प्रश्नोत्तरे आहेत, जुन्या भेटींचे आणि जुन्या शब्दांचे हिशेब आहेत, आणि रंगीत व कृष्णधवल असे दोन धागे, जे पहिल्या मिनिटापासून आलटून पालटून येत होते, ते इथे एकत्र बांधले जातात. प्रारंभी दुरून दिसलेली आणि ऐकू न आलेली एक भेट शेवटी ऐकायला मिळते. चाचणीनंतर थांबून दुसऱ्या रात्री बसणाऱ्याला हा तास उगाच लांबवलेला वाटतो, आणि चित्रपट चाचणीपाशीच संपायला हवा होता असे तो सांगू लागतो. मला याचे खरोखर वाईट वाटते, कारण चित्रपटाचे म्हणणे त्याच तासात आहे.

अशा चित्रपटाला रात्र मानवत नाही याचे आणखी एक कारण आवाज आहे. घरातले झोपलेले असताना आवाज कमी ठेवावा लागतो. मग हळू बोललेले संवाद ऐकू येत नाहीत म्हणून तो वाढवायचा, आणि संगीत उसळले की घाईघाईने पुन्हा कमी करायचा. काही टीव्हींमध्ये रात्रीसाठी वेगळी सोय असते, ती हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर कमी करते. पण इथे अणुस्फोट आधी शांततेत दिसतो आणि त्याचा आवाज मागाहून येतो. ते अंतरच पुसले गेले तर प्रसंगातले पुष्कळसे निघून जाते. हेडफोन असतील तर ही अडचण सुटते, पण एकट्यानेच पाहायचे असेल तेव्हा.

सुट्टीसाठी ठेवला म्हणजे शनिवारी रात्री लावायचा, असा अर्थ मात्र घेऊ नये. आठवडाभराचा शीण त्याच रात्री अंगावर येतो, आणि दहाला सुरू केलेला तीन तासांचा चित्रपट कामाच्या दिवसाइतकाच पेंगत पाहिला जातो. दुपारी जेवून लगेच बसणेही टाळावे. मी रविवारी सकाळी दहा किंवा दुपारी चार यांपैकी एक वेळ धरते, पडदे ओढून घेते, कारण अंधारातले प्रसंग दिवसाच्या उजेडात धुरकट दिसतात, आणि सोबत कोणी पाहणार असेल तर त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये असे आधीच सांगून ठेवते. चारला बसले की सातला चित्रपट संपतो आणि त्यावर बोलायला सगळी संध्याकाळ हाती असते.