आमची वाटचाल: चौकटीतला चेहरा

आमचा व्यवसाय सुरू झाला तो टायपिंगवर. एक संगणक, एक प्रिंटर, मी आणि माझा धाकटा भाऊ. लग्नपत्रिका, बिलबुकं, छोट्या जाहिरातींचा मजकूर अशी कामं असायची. वर्तमानपत्रात द्यायच्या श्रद्धांजलीच्या जाहिराती त्यातच कधीतरी येऊ लागल्या. मजकूर आठ-दहा ओळींचा आणि वर एक फोटो, त्यामुळे सोपं काम आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

पहिला दणका वर्षभरात बसला. एका गृहस्थांच्या वडिलांची जाहिरात होती. फोटो स्टुडिओत काढलेला, पडद्यावर अगदी झकास दिसत होता. दुसऱ्या दिवशी ते पेपरची घडी घेऊन आले, टेबलावर उलगडली आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, यात बाबा कुठे आहेत?" चौकटीत काळा कोट आणि कोटाइतकाच काळा चेहरा होता. दोन डाग पांढरे होते, ते चष्म्यावरचा उजेड. त्या माणसाने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी छपाईला दोष दिला. पण त्याच पानावर दुसऱ्या कुणाची तरी जाहिरात होती आणि तिच्यातला चेहरा स्वच्छ दिसत होता. कागद तोच, यंत्र तेच, शाईही तीच. तेव्हा चूक आमच्या टेबलावर झाली होती.

वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. छपाईत राखाडी रंग असा नसतोच; काळे ठिपके लहान-मोठे करून राखाडीचा भास केलेला असतो. कागदावर टेकला की ठिपका पसरतो, यालाच डॉट गेन म्हणतात. वर्तमानपत्राच्या छपाईसाठी जे प्रमाण धरतात त्यानुसार फाइलमधला ५० टक्क्यांचा ठिपका कागदावर ७५ टक्क्यांच्या आसपास जातो. ४० चा ६५ होतो आणि ८० चा तर ९५ च्याही पुढे जातो, म्हणजे जवळपास काळाच. त्यात कागद पांढरा नसून मळकट राखाडी असतो आणि शाईचा काळा हाही गडद करडाच. दोन्ही टोकं आत सरकतात आणि चेहऱ्याला मधला अरुंद पट्टा उरतो.

हे पुस्तकी झालं. आपला पेपर ज्या यंत्रावर छापला जातो ते नक्की काय करतं, हे समजायला भावाने एक युक्ती काढली. आम्ही स्वतःच्याच दुकानाची छोटी जाहिरात दिली आणि तिच्या तळाशी सजावट म्हणून राखाडी चौकोनांची पट्टी टाकली. शून्यापासून शंभरपर्यंत, पाच-पाच टक्क्यांच्या अंतराने. सुरुवातीला १, २, ३, ४ असे बारीक चौकोनही घातले. छापून आल्यावर भिंग घेऊन बसलो. ७५ आणि ८० मधला फरक जेमतेम कळत होता. ८० च्या पुढे सगळा एकच काळा पट्टा. १ आणि २ चे चौकोन कागदावर उमटलेच नव्हते. ५० च्या चौकोनात ठिपके एकमेकांना चिकटून मधे पांढरी छिद्रं तेवढी उरली होती. वेगवेगळ्या दिवशी तीनदा ही पट्टी छापली आणि तीनही वेळा निकाल थोडा निराळा आला. आम्ही त्यातला सगळ्यात वाईट दिवस धरून चालतो. ती तीन कात्रणं अजून टेबलाच्या काचेखाली आहेत. धंद्यात आम्ही जाहिरातीवर केलेला खर्च याच एका बाबतीत वसूल झाला असावा.

आता एक काम सविस्तर सांगतो, कारण त्यात जवळपास सगळ्या अडचणी एकदम आल्या होत्या. फोटो मोबाइलवर काढलेला होता. आजोबा खुर्चीत बसलेले, वर्ण सावळा, केस पांढरेशुभ्र, बारीक तारेचा चष्मा, अंगात गडद कोट, मागे पांढरी भिंत. उजेड एका बाजूच्या खिडकीतून येत होता, म्हणून अर्धा चेहरा सावलीत. घरच्यांना हाच फोटो हवा होता, कारण त्यात ते हसत होते.

आधी कापायचं. फोटो कमरेपर्यंतचा होता. जाहिरातीत फोटोची चौकट ४ सेंटिमीटर रुंद आणि ५ उंच. इंचाला ८५ ओळींच्या स्क्रीनवर, म्हणजे छपाईच्या ठिपक्यांच्या जाळीवर, सेंटिमीटरला साधारण ३३ ठिपके येतात. कमरेपर्यंतचा फोटो तसाच ठेवला असता तर चेहरा सेंटिमीटरभर रुंद, आणि एक डोळा रुंदीत सहा-सात ठिपक्यांत काढायचा! खांद्यापर्यंत कापल्यावर चेहरा २.४ सेंटिमीटर झाला आणि डोळ्याच्या वाट्याला सोळा ठिपके आले. कोट चांगला दिसतो, हातातली काठी येऊ द्या, असं घरचे म्हणतात. काठी ठेवली तर डोळे जातात, हे आम्ही त्यांना स्पष्ट सांगतो.

मग कृष्णधवल. रंगीत फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचा, म्हणजे चॅनलचा असतो. एका बटणात करण्यापेक्षा आम्ही लाल चॅनल मुख्य धरतो. त्यात त्वचा उजळ आणि नितळ येते, मोबाइलच्या फोटोतले दाणे कमी असतात. ओठ मात्र फिके पडतात, म्हणून थोडा हिरवा चॅनल मिसळायचा. एवढं करूनही फोटोशॉपच्या Info पॅनलमध्ये काळ्या शाईचे आकडे टक्क्यांत असे दिसत होते: उजेडातला गाल ४८, सावलीतला गाल ७४, हनुवटीखाली ८०, कोट ९२, केस ६, भिंत ९. हे असंच पाठवलं असतं तर सावलीतला गाल, गळा आणि कोट मिळून एक डाग झाला असता आणि केस भिंतीत गेले असते.

बदल चेहऱ्यापुरताच राहावा म्हणून मास्क लावला आणि कर्व्ह खाली ओढून शाई कमी केली. उजेडातला गाल २६ वर आणला, सावलीतला ४८ वर, हनुवटीखालचा भाग ६० वर. कागदावर २६ चा ४८ च्या आसपास होतो आणि ४८ चा ७४. म्हणजे मूळ फोटोत होतं तिथेच आपण परत पोचतो. कोट ७८ वर, त्याच्या कॉलरच्या कडा ६५ वर. बुबुळं आणि भुवयांचा गाभा ८५ च्या पुढेच ठेवला, कारण खरा काळा कुठेतरी हवाच. तो नसला की चेहरा धुरकट येतो. केसांत ४ च्या खाली काही जाऊ दिलं नाही, नाहीतर तिथे ठिपकाच पडत नाही आणि डोक्याला भोक पडल्यासारखं दिसतं. शून्य फक्त एकाच ठिकाणी चालतं, डोळ्यातल्या चमकेच्या बिंदूला.

पार्श्वभूमीत मी चुकलो. केस उठून दिसावेत म्हणून भिंत सरळ २५ केली. केस सुरेख सुटले, पण उजेडातला गाल २६ होता, तो भिंतीत विरघळला. भावाने दुरून बघून सांगितलं, "दादा, यांना एकच गाल आहे." मग भिंत १४ वर आणली. केसांच्या सगळ्यात फिक्या भागापासून दहा अंतर, गालापासून बारा. भोवती अर्ध्या पॉइंटची काळी रेघ दिली, म्हणजे फिकी पार्श्वभूमी कागदात पसरल्यासारखी वाटत नाही.

शेवटी आकार पक्का केला: इंचाला २०० पिक्सेल, म्हणजे ३१५ बाय ३९४. आणि त्यानंतरच धार, म्हणजे कडा ठसठशीत करणं. Unsharp Mask मध्ये Amount १८०, Radius १, Threshold ४. आधी धार देऊन मग फोटो लहान केला तर ती धार निम्मी वाया जाते. पडद्यावर हा फोटो कोरून काढल्यासारखा खडबडीत दिसतो. दिसू द्यावा. ठिपके पसरले की तो खडबडीतपणा मावळतो.

नेमकी इथेच घरच्यांशी गाठ पडते. आजोबांची मुलगी पडद्याकडे बघून म्हणाली, "काका, बाबांना गोरं का केलंत? ते असे नव्हते." तिचं बरोबर होतं, पडद्यावर ते पांढुरकेच दिसत होते. छपाईत सगळ्यात जास्त अन्याय सावळ्या माणसांवर होतो आणि तो टाळायला फाइल उजळावी लागते. पण दुःखात असलेल्या माणसाला ठिपक्यांचं गणित काय सांगणार? म्हणून आता आम्ही छपाईची फाइल दाखवतच नाही. तिची प्रत काढतो, Assign Profile मधून Dot Gain 30% लावतो, मग Levels मध्ये Output Levels साधारण ६० आणि २१५ करतो. मूळ फाइलचे आकडे तेच राहतात, पण या प्रतीत पडद्यावर मळका कागद आणि पसरलेली शाई दिसते. ती प्रत खऱ्या आकारात, हातभर अंतरावरून बघायची. मुलीने ती पाहिली आणि मान हलवली.

फाइल ग्रेस्केल, म्हणजे फक्त काळ्या शाईची, हे आम्ही पाठवण्यापूर्वी दोघांनी वेगवेगळं तपासतो. एकदा कृष्णधवल दिसणारा फोटो घाईत रंगीत मोडमध्येच गेला होता. तो चार शायांत छापला गेला, शाया केसभर सरकल्या आणि एका आजींना चार डोळे आले. पडद्यावर दोन्ही फाइली हुबेहूब सारख्याच दिसतात, त्यामुळे नजरेवर विसंबून चालत नाही.

काही फोटोंचं काहीच होत नाही. ओळखपत्रावरचा छापील फोटो असला तर त्यात आधीचेच ठिपके असतात. त्यांच्यावर आपले ठिपके बसले की चेहऱ्यावर जाळी उमटते. थोडा धूसर करून लहान केला तर जाळी जाते, पण डोळेही जातात. आमची कसोटी साधी आहे: बुबुळ आणि पापणी वेगळी दिसतात का? नसतील तर दुसरा फोटो मागतो, मग रात्रीचे नऊ वाजलेले असोत. लोकांकडे दुसरा फोटो बहुतेक वेळा असतो, त्या गडबडीत आठवत नाही इतकंच.

आजोबांची जाहिरात छापून आली. दोन्ही गाल होते, केस होते, हसू होतं. चष्म्याची एका बाजूची काडी मात्र केसांत हरवली. ती तार छापील आकारात ०.२ मिलिमीटरच्या आसपास होती आणि दोन ठिपक्यांतलं अंतरच ०.३ मिलिमीटर असतं, त्यामुळे ती सलग उमटणं कठीणच होतं. भाऊ म्हणतो, अशी काडी पिक्सेलभर जाड करून टाकावी. मला ते पटत नाही, माणसाचा चष्मा आपण का बदलायचा? दोन वर्षं झाली, अजून आमचं एकमत नाही. तारेचा चष्मा आला की ते काम ज्याच्या टेबलावर पडेल तो आपल्या मनाप्रमाणे करतो.