आईच्या पत्रातलं एक वाक्य

खानापूरच्या तालुका दवाखान्यात मी समुपदेशक आहे. मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर येतात. ते कन्नड बोलणारे, निम्मे पेशंट मराठी, त्यामुळे माझा निम्मा दिवस मधे उभं राहून दोन्हीकडचं सांगण्यातच जातो. नंदगडकडची ती बाई त्याच रांगेत बसली होती, पण पेशंट ती नव्हती. पिशवीतून तिनं दोन पत्रं काढली. एक धारवाडच्या हॉस्टेलवरून लेकीचं आलेलं, दुसरं तिनं स्वतः लिहिलेलं, पोस्टात टाकायचं राहिलेलं. "हे धाडू का नको, तेवढं सांगा." (ओळख पटेल असं सगळं इथं बदललंय, आणि लिहायला तिची परवानगी घेतलीय.)

हॉस्टेलात मोबाईल बंद. रविवारी ऑफिसच्या फोनवर दहा मिनिटं, तीही मागं मुलींची रांग लागलेली असताना. अशा फोनवर कोण सांगेल की छाती धडधडते? शिस्त म्हणे! म्हणून पत्र.

पोरगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. आता पीयूसी सायन्स इंग्रजीतून आणि खोलीतल्या मुली कन्नड बोलणाऱ्या. पहिल्या पानावर टेस्टची भीती होती. दुसऱ्यावर बाबांची मोटरसायकल, पाऊस आणि घाटाचा रस्ता. तिसऱ्यावर, आपल्यालाच हृदयाचा रोग असेल काय. काळजीचा विषय दर पानाला बदलतो आणि घाबरेपण तेवढंच राहतं, हे मला महत्त्वाचं वाटलं. पॅनिकचा झटका अचानक येतो, काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो. हिचं तसं नव्हतं, सकाळपासून रात्रीपर्यंत मंद आचेवर चालू होतं. झोप उडालेली, खांदे आखडलेले, टेस्टच्या दिवशी पोट बिघडलेलं. हे जूनपासून चाललेलं आणि पत्र नोव्हेंबरातलं.

पत्रावरून निदान करता येत नाही. डॉक्टरांनी आईला आधी दुसरंच विचारलं. भूक वाढूनही वजन उतरलंय काय, उकाडा सोसत नाही काय, हात थरथरतात काय. थायरॉईड वाढला की माणूस असाच घाबराघुबरा होतो, आणि कितीही समजूत घातली तरी तो बरा होत नाही. वजन उतरलं होतं, म्हणून धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्याला चिठ्ठी दिली आणि रक्तात टीएसएच बघायला सांगितलं.

मग आईचं पत्र. अक्षर सुरेख, सातवी शिकलेली बाई. "तू नापास होणार नाहीस, मी सांगते." ही ओळ मी काढायला सांगितली. पोरीनं पत्रात तेच पुन्हा पुन्हा विचारलं होतं, आणि असल्या प्रश्नाला 'नाही होणार' म्हटलं की तासभर बरं वाटतं, मग तोच प्रश्न दुप्पट जोरानं परत येतो. त्याऐवजी तिनं लिहिलं, "नापास होशील काय ते मला ठाऊक नाही. झालीस तर पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरू." हे लिहिताना तिचा हात अडला, पण लिहिलं. "घाबरू नको" खोडलं आणि तिथं आलं, "छाती धडधडते तेव्हा फार वाईट वाटत असणार." साखळी गहाण टाकून फी भरल्याची ओळ तिनं आपणहून काढली.

शेवटची ओळ होती, "नाहीच जमलं तर घरी ये." डॉक्टर म्हणाले, काढा. त्यांचं म्हणणं पुस्तकाला धरून होतं. भीती वाटते त्या जागेतून पळायला मिळालं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या वेळी भीती मोठी होते. मीही तेच मराठीत सांगितलं. बाई ऐकेना. "माझ्या लेकीला घर बंद हाय असं मी कसं लिवू?" मागं रांग खोळंबलेली. शेवटी तिनंच तोड काढली. "नाताळच्या सुट्टीत घरी ये, तवर तिथंच ऱ्हा. तवा बसून ठरवू." डॉक्टरांनी मान हलवली, पण चेहरा काही पटल्यासारखा नव्हता.

टीएसएच नॉर्मल आलं. डिमहान्सला पोरगी मधनंमधनं जाते. दिवसातली वीस मिनिटं काळजीसाठी राखून ठेवायची, एरवी मनात आलेली काळजी वहीत लिहून तेव्हासाठी ढकलायची, असं तिला शिकवलंय. रात्रीचा चहा बंद झाला. नाताळला घरी आली आणि परतही गेली. ती त्या ओळीमुळं टिकली की ओळ असूनही, यावर डॉक्टरांचं आणि माझं अजून जमत नाही. ते म्हणतात, तारीख घातली म्हणून चाललं. मला वाटतं, परत यायची सोय आहे हे कळलं नसतं तर डिसेंबरच्या आधीच ती बसमध्ये बसली असती. आता असं पत्र कुणी घेऊन आलं तर ती ओळ मी खोडायला सांगत नाही, फक्त तारीख घालायला लावते. डॉक्टरांना ते ठाऊक आहे.