सत्तरीतल्या एका गोठ्याचं पावसाळी वेळापत्रक

नागपंचमीनंतरच्या आठवड्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाडीवरून फोन आला. शेळ्यांचे पाय गेलेत, दोन मेल्या आणि आज सकाळी तिसरी मरून पडली, पायावरचं इंजेक्शन घेऊन या, असं मुलगा घाईघाईने सांगत होता. पायाच्या दुखण्याने शेळ्या अशा एकीमागून एक मरत नाहीत. म्हणून मेलेली शेळी पुरू नका, एवढं त्याला बजावलं आणि निघाले.

घर डोंगराच्या पायथ्याशी, पुढे लावणी झालेलं शेत, बाजूला पोफळी आणि नारळाचं भाट. शेळ्या काकी बघतात, गाईंचं दूध मुलगा घालतो. चौदा शेळ्यांपैकी अकरा उरल्या होत्या, शिवाय दोन संकरित गाई आणि एक वासरू. अकरातल्या सहा लंगडत होत्या. आधी सगळ्यांची तोंडं उघडून पाहिली, ताप मोजला. तोंडात फोड नाहीत, लाळ नाही, अंगात ताप नाही, म्हणजे लाळ्या-खुरकूत नव्हतं. गोठ्यात एकाच वेळी इतकी जनावरं लंगडायला लागली की ही तपासणी पहिली करावी लागते, कारण तो रोग असेल तर वाडीतल्या प्रत्येक गोठ्याचा प्रश्न होतो.

मग खुरं धुऊन पाहिली. दोन नख्यांच्या मधली कातडी ओलसर, पांढुरकी, सोलवटलेली, दाबली की शेळी पाय ओढून घेई. नखी मात्र आतल्या मांसापासून सुटलेली नव्हती. नखी टाचेकडून सुटत गेली आणि सडका वास आला तर तो खरा खुरसडा, त्याला अँटिबायोटिक आणि बरेच दिवस लागतात. इथे अजून वरवरचं होतं. सतत चिखलात उभं राहून कातडी भिजली आणि जंतू आत शिरले.

पण मला खटकलं ते दुसरंच. लंगडणाऱ्या शेळ्या खात होत्या. दोन-तीन शेळ्या अजिबात लंगडत नव्हत्या, तरी कोपऱ्यात मान टाकून उभ्या होत्या. त्यातल्या एकीच्या जबड्याखाली मऊ, पाण्याने भरल्यासारखी सूज होती. अंगठ्याने तिची खालची पापणी उलटी केली तर आतला भाग कागदासारखा पांढरा. काकींना बोलावून दाखवलं आणि शेजारच्या धडधाकट बोकडाची पापणीही उलटून दाखवली, लालसर गुलाबी. काकी म्हणाल्या, "डॉक्टरबाई, हिच्या अंगात रगतच नाही की हो."

रक्त कुठे गेलं ते पाहायला मेलेली शेळी उघडली. ताडपत्रीखाली, पावसाचा मारा चुकवत. मांस फिकट, रक्त पाण्यासारखं पातळ. चौथं पोट, म्हणजे अबोमेझम, लांबीत कापून पसरलं. आतल्या अस्तरावर दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचे बारीक कृमी वळवळत होते. बारकाईने पाहिलं की माद्यांच्या अंगात लाल आणि पांढरा असे दोन दोरे एकमेकांना पीळ घातलेले दिसतात. लाल म्हणजे रक्ताने भरलेलं आतडं, पांढरा म्हणजे अंड्यांची नळी. हिमाँकस हे त्याचं नाव. एक कृमी दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पोटात असे दोन हजार असले तर रोज शंभर मिली. पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून पावणेदोन लिटरच्या आसपास रक्त. त्यात जुलाबही लागत नाहीत, म्हणून लेंड्या चांगल्या दिसतात आणि जंताचा संशय कुणाला येत नाही.

मुलगा म्हणाला, "पण मॅडम, मिरगाला जंताचं औषध पाजलं होतं. दरवर्षी पाजतो." बाटली आणून दाखवली. फेनबेंडाझोल, गेली कित्येक वर्षं तेच, सगळ्या शेळ्यांना एकाच मापाने, आणि माप मेंढीचं. शेळीचं शरीर हे औषध लवकर बाहेर टाकतं, तिला मेंढीच्या दुप्पट मात्रा लागते. अर्धवट मात्रेत कमकुवत कृमी मरतात आणि दणकट उरतात, पुढची पिढी त्यांचीच. म्हणजे औषध कमी पडलं की निरुपयोगी झालं, हे त्या दिवशी सांगता येत नव्हतं.

दुसरं कारण समोरच होतं. उन्हाळ्यात शेळ्या डोंगरावर झाडपाला खात हिंडतात. लावणी झाली की शेतात सोडता येत नाहीत, डोंगरावर मुसळधार, म्हणून मिरगापासून त्या घराशेजारच्या भाटातच बांधलेल्या. एक मादी दिवसाला पाच हजारांवर अंडी घालते. उबदार ओलाव्यात आठवड्याभरात त्यांच्या अळ्या तयार होतात आणि ओल्या गवताच्या पात्यावर चार बोटं वर चढतात. दोरीला बांधलेली शेळी नेमकं तेवढंच गवत बुडख्यापासून खाते. पोटात गेल्यावर तीन आठवड्यांत त्या अळ्यांचे अंडी घालणारे कृमी होतात. मिरगाला औषधातून वाचलेले थोडेसे कृमी नागपंचमीपर्यंत दोन पिढ्या सहज उभ्या करतात.

अकराही शेळ्या ताणकाट्यावर लटकवून मोजल्या. वेगळ्या गटातलं लेव्हामिसोल द्यायचं होतं. त्याची मात्रा थोडी जास्त झाली तरी विषबाधा होते, तिथे डोळ्याचा अंदाज चालत नाही. पापणीच्या रंगाच्या पाच पायऱ्या करतात, पहिली लाल आणि पाचवी पांढरी. तिसऱ्या पायरीपासून पुढच्या सहा शेळ्यांना औषध दिलं, गुलाबी पापणीच्या पाचांना दिलं नाही. मुलाला ते पटेना. त्याला म्हटलं, सगळ्यांना पाजलं तर भाटात फक्त औषधाला न जुमानणाऱ्या कृमींची अंडी पडतील. या पाच शेळ्यांच्या पोटातले कृमी अजून औषधाला मरणारे आहेत, ते राहिले तर दणकट कृमींत मिसळत राहतील आणि औषध जास्त वर्षं चालेल. सूज आलेल्या शेळीला चालवायचं नाही, जागेवरच पेंड आणि पाला द्यायचा, कारण इतक्या कमी रक्तात धावपळीनेही जीव जातो. सगळ्यांच्या लेंड्याही तपासणीला घेतल्या. लिव्हर फ्लूकने, म्हणजे यकृतातल्या चपट्या कृमीनेही पापणी अशीच पांढरी पडते आणि जबडा सुजतो, आणि शेताच्या पाण्यात त्याच्या गोगलगायी असतात. त्याची अंडी सापडली नाहीत.

मग गोठ्यात शिरले. उभं राहून वास विशेष जाणवला नाही. शेळीच्या तोंडाच्या उंचीवर खाली बसले आणि डोळे चुरचुरले. मुतातला अमोनिया ओल्या जमिनीलगत साठून राहतो. पत्र्याच्या एका जोडातून गळती होती, ती थेट एका गाईच्या पाठीवर. तिच्या कण्यावर, जिथे थेंब पडत होते तिथेच, खपल्यांची रांग. मुलगा महिनाभर बुरशीचं मलम लावत होता. एक खपली अलगद उचलली तर तिच्यासोबत केसांचा झुपका मुळासकट आला आणि खाली पिवळसर ओल. ही बुरशी नव्हे, भिजलेल्या कातडीवर वाढणारा जंतू, डर्माटोफिलस. त्याला अँटिबायोटिक लागतं आणि मुख्य म्हणजे कोरडी पाठ. खरी बुरशी वासराला होती, डोळ्याभोवती राखाडी, गोल, कोरडे चट्टे. ते अंधाऱ्या कोपऱ्यात बांधलेलं, आणि मुलाच्या कोपराखाली तसाच एक गोल चट्टा. वासराचं गजकर्ण माणसाला लागतं, तेव्हा हातमोजे घालूनच खपल्या साबणाने भिजवून काढायच्या, जाळून टाकायच्या, आयोडीन लावायचं आणि वासराला उजेडात बांधायचं. मुलाला डॉक्टरकडे पाठवलं.

गाईंच्या शेपटीखाली आणि कासेवर गोचीड होते, आणि चिऱ्यांच्या भिंतीच्या फटींत त्यांची अंडी. पावसात अंगावर फवारलेलं औषध तासाभरात धुऊन जातं. फवारायचंच तर उघाडीच्या दिवशी, गाय गोठ्यात बांधून, आणि अंग वाळेपर्यंत बाहेर काढायचं नाही. सत्तरीत गोचिडाकडे दुर्लक्ष करता येत नाही. 2015 साली पाळी गावात माकडतापाची साथ आली होती. तो रोग पसरवणाऱ्या जंगली गोचिडाच्या मोठ्या माद्या पावसाळ्यातच गुरांवर रक्त पितात, माणसाला धोका पुढे कोरड्या महिन्यांत पिल्लांपासून. म्हणून श्रावणातली गाईची कास तपासणं जानेवारीत रानात जाणाऱ्या माणसासाठीही असतं.

काकींनी चहा दिला आणि मुलाने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. त्यावर दोन रंगांनी लिहिलं. निळं म्हणजे त्या तारखेला करायचंच. लाल म्हणजे त्या तारखेला पाहायचं, आणि दिसलं तरच करायचं. पावसाळी वेळापत्रक फसतं ते इथे, सगळंच निळ्यात लिहिलं जातं.

निळं बहुतेक मे महिन्यात आलं. शेळ्यांना आंत्रविषाराची लस आणि गाईंना घटसर्पाची, पाऊस येण्याआधी. पत्र्याचे जोड, पावळीचं पाणी लांब नेणारा चर, चिऱ्यांच्या फटी लिंपून चुना. शेळ्यांसाठी जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच माची, पोफळीच्या पट्ट्यांची. दोन पट्ट्यांत दीड सेंटिमीटर फट ठेवली की लेंड्या खाली पडतात आणि पिल्लाचा पाय अडकत नाही. या वर्षी ती लगेच बांधायला घेतली, कारण तिच्याशिवाय पायांना काहीच उपयोगाचं नव्हतं. दहा लिटर पाण्यात एक किलो झिंक सल्फेट, त्यात धुतलेल्या पायांनी पाच-दहा मिनिटं उभं करायचं, हे खरं. पण नंतर तासभर कोरड्यावर उभं राहिलं पाहिजे, चिखलात परत गेली तर औषध वाया. घरात मोरचूद होतं, पण घाणीत ते लवकर निकामी होतं आणि शेळीने प्यायलं तर विष.

लाल रंगात दर रविवारी खुरं आणि दर दुसऱ्या रविवारी पापण्या, मिरगापासून दसऱ्यापर्यंत. गाईंचे गोचीडही दुसऱ्या रविवारी, कारण ते अंगावर तीनेक आठवडे राहून मग अंडी घालायला खाली पडतात, त्याआधीच सापडले पाहिजेत. जंताच्या औषधाला तारीख दिली नाही. भाटात बांधणं बंद, त्याऐवजी फणसाचा आणि इतर झाडांचा पाला दोरीला उंच टांगायचा. अळ्या तितक्या वर चढत नाहीत.

चौदा दिवसांनी पुन्हा लेंड्या तपासल्या. औषध दिलेल्या सहांपैकी पाचांत अंडी जवळपास नव्हती. सूज आलेली शेळी वाचली, चवथीपर्यंत तिची पापणी फिकट गुलाबी झाली. लंगडणं माचीवर आल्यावर आठवड्यात थांबलं. ऑक्टोबरमध्ये जुनं फेनबेंडाझोल वजनाप्रमाणे, शेळीच्या पूर्ण मात्रेत, काहींना देऊन पाहिलं. अंडी ९५ टक्क्यांनी घटायला हवीत, ती निम्मीसुद्धा घटली नाहीत. म्हणजे मात्रा कमी पडली हे खरंच, पण त्या गोठ्यापुरतं ते औषधही संपलं होतं. काकींच्या लाल नोंदींत दोनच शेळ्या पुन्हा पुन्हा पांढऱ्या निघाल्या. त्या दोघींची पिल्लं पैदाशीला ठेवायची नाहीत, असं त्यांनी स्वतःच ठरवलं.